आरसा का निसटतो?

आमच्या बेसिनवरचा आरसा एका दुपारी खाली आला. खिळा शाबूत होता, वाकलाही नव्हता. त्याच्याबरोबर रुपयाएवढा प्लास्टरचा पोपडा मात्र निघून आला होता. तिथेच कारण कळलं.

विटांच्या भिंतीवर आतलं प्लास्टर साधारण १२ ते १५ मिलिमीटर असतं. इंचभर खिळ्याचा अर्धा भाग त्यातच संपतो, आणि ठोकताना ते आतून तडकतं. खरी पकड विटेत हवी.

आधी वजन काढा. काचेचं वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या दर मिलिमीटरमागे अडीच किलो. आमचा आरसा ६० बाय ९० सेंटिमीटर, ५ मिलिमीटर जाड. म्हणजे काचच पावणेसात किलो, लाकडी चौकट धरून नऊ-दहा. त्यासाठी आम्ही ८ मिलिमीटरच्या बिटने सहा सेंटिमीटर खोल छिद्रं पाडली. आधी करडी भुकटी येते, मग लाल. लाल आली की वीट लागली. भुकटी फुंकून काढली, प्लास्टिकची गिट्टी प्लास्टरच्या पार विटेत जाईपर्यंत आत सारली आणि दोन इंची स्क्रू पिळला. गिट्टी हातानेच सैल फिरत असेल तर ती जागा सोडा. हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी सैल पडते. तिथे त्या ब्लॉकसाठीचीच मागा.

एका खिळ्यावरची चौकट दार आपटलं तरी दोरीवरून सरकून तिरकी होते. म्हणून दोन हूक, दोन्ही कडांपासून रुंदीच्या पाव अंतरावर, पाणसळीने एका रेषेत.