एका प्रश्नाचा मसुदा

2025 च्या नोव्हेंबरात, प्रशासकाच्या हाती प्रदीर्घ काळ राहिलेल्या नगरपरिषदांच्या निवडणुका अखेर जाहीर होऊन 2 डिसेंबर ही मतदानाची तारीख मुक्रर झाली, तेव्हा अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागातील आमच्या गावी दारोदार पत्रके येऊ लागली. त्यांतील एकात, आमच्या प्रभागातून उभ्या राहिलेल्या एका तरुण उमेदवाराच्या छायाचित्राखाली, 'पाणीप्रश्न कायमचा सोडविणार' असे जाड ठशात छापले होते. मी तहसील कचेरीत उभी हयात अर्ज वाचण्यात घालविली. त्यामुळे हे वाक्य वाचताच ते काम कोणाच्या अखत्यारीतले आहे, ही पहिली शंका मनात आली.

आमच्या गावचे पाणी कालव्याचे. पाटबंधारे खाते आवर्तन सोडते, त्या आवर्तनात गावाबाहेरचा साठवण तलाव भरून घ्यावयाचा, आणि पुढचे आवर्तन येईपर्यंत तेच पाणी शुद्धीकरण केंद्रातून जलकुंभात व जलकुंभातून गल्लीगल्लीत पुरवून वापरावयाचे, असा तो क्रम आहे. आवर्तन केव्हा सुटावे याचा विचार कालवा सल्लागार समितीत होतो. तेथे प्रभागाच्या नगरसेवकाला जागा नाही. परंतु तलाव भरल्यानंतर कोणत्या भागाला कोणत्या दिवशी, किती वेळ पाणी सोडावयाचे, गळती कोठे काढावयाची, हे सर्व नगरपरिषदेच्या हद्दीतले काम आहे आणि त्याविषयी सभागृहात बोलण्याचा, ठराव मांडण्याचा अधिकार नगरसेवकाला निश्चित आहे. म्हणून आवर्तनाविषयी त्याला विचारणे म्हणजे त्याच्या हाती एक सोयीची पळवाट देणे होय. तो धरणाकडे, शासनाकडे, वरच्या तालुक्यांकडे बोट दाखवील आणि ते बोट काही अंशी खरेही असेल.

त्याच्या सभेत विचारावयाच्या प्रश्नाचा मसुदा लिहावयास बसलो तेव्हा पहिल्या खेपेस जे कागदावर उतरले ते माझ्याच हातचे आहे यावर आज विश्वास बसत नाही. 'इतकी वर्षे झोपला होता काय?' अशी त्याची सुरुवात होती, आणि पुढे त्याच्या घराण्याविषयीही एक वाक्य होते. ते मी फाडून टाकले. केवळ सभ्यता म्हणून नव्हे. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी, निकालावर परिणाम व्हावा या हेतूने, असत्य विधान करणे हा भारतीय न्याय संहितेच्या 175 व्या कलमान्वये गुन्हा आहे, हे मला ठाऊक होते. पण त्याहूनही मोठे कारण असे की, सभेत अपशब्द निघाला की कार्यकर्ते त्या शब्दाला धरून उठतात, अर्धा तास मानापमानात जातो, आणि पाण्याचा विषय ज्याला टाळावयाचा आहे त्याला तो विनासायास टाळता येतो.

दुसरा मसुदा अगदी सौम्य होता : 'आमच्या गल्लीला नियमित पाणी कधी मिळेल?' हा प्रश्न ऐकावयास सरळ वाटतो, परंतु त्याला 'लवकरच' हे एका शब्दाचे उत्तर पुरते. आणि 'लवकरच' या शब्दाची नोंद कोणत्याही वहीत करता येत नाही.

तेव्हा मला माहितीच्या अधिकाराचा अर्ज आठवला. आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या उपोषणांच्या रेट्याने ज्या कायद्याची वाट मोकळी झाली, त्याच्या 'जोडपत्र अ' या नमुन्यात माहितीचा विषय, तिचा कालावधी आणि तिचे वर्णन असे रकाने असतात, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय व दीडशे शब्दांची मर्यादा असते. उमेदवार हा काही जन माहिती अधिकारी नव्हे, आणि त्याच्याकडून आपल्याला दप्तरातील नक्कल नको, वचन हवे असते. तथापि विषय, कालावधी आणि तपशील ही चौकट प्रश्नालाही तितकीच शोभते. कालावधीसाठी माझ्याजवळ दिनदर्शिका होती. नळाला पाणी आले की त्या तारखेभोवती वर्तुळ काढण्याची माझ्या पत्नीची सवय आहे, आणि ऑक्टोबर महिन्यात अशी पाच वर्तुळे होती.

तिसरा मसुदा म्हणून जे लिहिले ते असे : 'आपल्या पत्रकात पाणीप्रश्न सोडविण्याचे आश्वासन आहे. 1 ते 31 ऑक्टोबर या काळात साठवण तलावात पाणी असूनही आमच्या गल्लीला पाच वेळा पाणी आले, आणि पुढच्या पाळीचा दिवस एकदाही आगाऊ कळला नाही. आपण निवडून आल्यास, प्रभागनिहाय पाणीवाटपाचे वेळापत्रक दर महिन्याला जाहीरपणे लावण्याचा ठराव सभेत मांडाल काय? मांडणार असल्यास कोणत्या महिन्यापर्यंत?' यात होय किंवा नाही म्हणण्याजोगे एक क्रियापद आहे, आणि त्याच्यामागे एक तारीख मागितली आहे. गळतीविषयीही लिहावे असा मोह झाला होता. पण दोन प्रश्न एकत्र विचारले की वक्ता त्यांतील सोपा निवडतो, हे कचेरीतील सुनावण्यांत पुष्कळ वेळा पाहिले होते, म्हणून तो मोह आवरला.

मारुतीच्या पारासमोर कोपरा सभा झाली तेव्हा भाषण संपताच मी उभा राहून प्रथम नाव व गल्ली सांगितली आणि मग कागद वाचून दाखविला. वाचण्याचा फायदा असा की आवाज चढत नाही आणि शब्द बदलत नाहीत. उमेदवार म्हणाला, "अप्पा, तुमचं खरं आहे. पण वरूनच आवर्तन वेळेवर मिळत नाही, त्याला आपण काय करणार?" दोघातिघांनी माना डोलावल्या. मी म्हणालो, "आवर्तन तुमच्या हातात नाही, हे मला मान्य आहे, भाऊ. मी तलाव भरल्यानंतरच्या वाटपाबद्दल विचारतोय." एवढे बोलून थांबलो. या दुसऱ्या वाक्यात नवी तक्रार घालू नये, मूळ प्रश्नच अधिक अरुंद करून पुन्हा पुढे ठेवावा, आणि मग शांतता सहन करावी. तो क्षण फार लांब वाटतो, आणि आपणच पुढे बोलून समोरच्याला सोडविण्याची इच्छा अनावर होते.

कोणीतरी मागून ओरडले, "अप्पा, कोणी पाठवलं तुम्हाला?" मी तिकडे वळलो नाही. एक शेजारीण मात्र डोक्यावरचा पदर सावरीत म्हणाली, "आमच्याकडेबी तसंच आहे, सांगा की." त्यानंतर उमेदवाराने कागद मागून घेतला, तो स्वतः वाचला आणि म्हणाला, "वेळापत्रकाचा ठराव मी मांडीन. निवडून आल्यावर तीन महिन्यांच्या आत. तो मंजूर होईल की नाही, हे मात्र एकट्याच्या हातात नाही." शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटले, कारण मांडणे आणि मंजूर होणे यांतला भेद त्याने स्वतःहून केला होता. मी त्याच्यासमोर ते शब्द तारखेसह कागदाच्या पाठीमागे लिहिले आणि वाचून दाखविले. त्याने 'बरोबर' म्हटले.

चार दिवसांनी दुसऱ्या पक्षाचे उमेदवार पदयात्रेत दारी आले. त्यांना मी बैठकीत बसवून पाणी दिले आणि तोच मजकूर, एकही अक्षर न बदलता, वाचून दाखविला, कारण एकाला कठोर व दुसऱ्याला मृदू शब्दांत विचारले असते तर दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहण्यात काही अर्थ उरला नसता. त्यांनी क्षणभर विचार करून सांगितले की, झडपा फिरविणाऱ्या कर्मचाऱ्यांची संख्या किती आहे हे मुख्याधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय ते महिना सांगू शकत नाहीत. मतदानापूर्वी विचारून कळवितो, असेही ते म्हणाले. तेही मी तारखेसह लिहून घेतले. दोन उत्तरांचा तो कागद त्या रात्री दिनदर्शिकेच्या ऑक्टोबरच्या पानाला टाचणीने लावला, आणि पत्नीने नोव्हेंबरच्या पानावर तिसरे वर्तुळ काढले.