टसरचा रंग फोनवर कसा सांगाल?

गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी परिसर टसर रेशमासाठी ओळखला जातो. ऐन-अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या अळ्यांच्या कोशाचा हा धागा न रंगवताच सुंदर दिसतो. पण त्याच्या छटेला नेमके नाव नाही. साडी मागवताना ‘सोनेरी’ म्हटले, तर समोरच्याला जरीची चमक आठवते. ‘तपकिरी’ शब्द तपकिरीवरून आला, पण ती फार गडद.

अशा वेळी मूळ रंग, ओळखीची वस्तू आणि तिची अवस्था सांगावी. नुसते ‘मोहफुलासारखा’ पुरत नाही: ताजे फूल फिकट पिवळसर, वाळलेले तांबूस तपकिरी. ‘फिकट पिवळसर, पातळ मधासारखा’ म्हटले, की घोटाळा टळतो. मात्र कापड दिवसाच्या उजेडातच पाहावे. पिवळ्या दिव्याखाली तेच अधिक पिवळे दिसते.