इतिवृत्तात नावे झाकायची, कार्यपद्धती नाही

पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावात कुणाचे नाव न लिहिताही ओळख उघड होते. लैंगिक छळाच्या तक्रारीच्या इतिवृत्तात 'आवक-जावक विभागातील महिला लिपिक' एवढे लिहिले आणि त्या विभागात एकच महिला असली, तर नाव लपवून काय उपयोग? 2013 च्या कायद्याचे कलम 16 तक्रारदार, प्रतिवादी आणि साक्षीदार या तिघांचीही ओळख उघड करण्यास मनाई करते.

म्हणून इतिवृत्तात 'तक्रारदार', 'प्रतिवादी', 'साक्षीदार 1' असे लिहावे. पदनाम, गाव, जात, नातेसंबंध टाळावेत. कोण म्हणजे कोण, याचा कागद वेगळ्या बंद पाकिटात समितीच्या अध्यक्षांकडे ठेवावा. मात्र ही गुप्तता बाहेरच्यांसाठी आहे. प्रतिवादीला तक्रारीची पूर्ण प्रत मिळालीच पाहिजे, नाहीतर तो उत्तर कशाला देणार?

इथेच अनेक समित्या चुकतात. नावांबरोबर तारखाही गाळतात आणि 'दोन्ही बाजू ऐकल्या' या एका ओळीत बैठक संपवतात. समजा, एका कार्यालयात 3 जूनला तक्रार आली. इतिवृत्तातून पुढील गोष्टी कळायला हव्यात: सात कामकाजी दिवसांत प्रतिवादीला प्रत गेली का, त्याला उत्तरासाठी दहा कामकाजी दिवस मिळाले का, बैठकीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य होते का, साक्षीदाराला काय विचारले आणि त्याने काय सांगितले. कुणी मुदत मागितली असेल, तर ती दिली की नाकारली आणि का, हेही लिहावे. कुणी सबळ कारणाशिवाय सलग तीन सुनावण्यांना गैरहजर राहिले, तरी पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय एकतर्फी निर्णय घेता येत नाही. त्या नोटिशीची तारीखही नोंदवावी.

ही नोंद किती मोलाची असते, ते गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात दिसले. मे 2009 मध्ये समितीने लागोपाठ सुनावण्या घेतल्या. आजारपणामुळे मुदत मागणाऱ्या प्राध्यापकाची चौकशी एकतर्फी पूर्ण झाली आणि त्याला नोकरीवरून काढण्यात आले. 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अवाजवी घाईमुळे त्याला बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही, असे ठरवून ती कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. छळ झाला की नाही, हा प्रश्न चौदा वर्षांनंतरही तसाच राहिला. घाईचे नुकसान तक्रारदार महिलांनाही सोसावे लागले.

दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या दुकानात किंवा संस्थेत अंतर्गत समिती नसते. तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तालुक्यातला समन्वय अधिकारी ती स्वीकारून सात दिवसांत समितीकडे पाठवतो. तक्रार दिल्यावर तारीख टाकलेली पोच मागून घ्या. पुढच्या सगळ्या मुदती त्या तारखेवरून तपासता येतात.