‘लाल अक्षरांतील बदल पाहावेत’

गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस आहे असे समजा. विषय पार्किंगच्या नियमांतले बदल. सचिवांनी जुना नियम काळ्या अक्षरांत ठेवला, नवे शब्द लाल केले, दरमहाच्या शुल्काची रक्कम पिवळ्या पट्ट्यात टाकली आणि वर लिहिले: ‘लाल अक्षरांतील बदल पाहावेत. पिवळ्या केलेल्या रकमेवर हरकत असल्यास लेखी कळवावे.’ त्यांच्या पडद्यावर सगळे स्वच्छ दिसते. मग फाइल सभासदांच्या फोनवर जाते, एक प्रत काळ्या-पांढऱ्या लेसर प्रिंटरवर निघून फलकावर लागते, आणि ज्येष्ठ सभासदांसाठी त्या प्रतीच्या झेरॉक्स काढल्या जातात. सभेत पहिला प्रश्न येतो, ‘लाल कुठेय यात?’

दोष प्रिंटरवर टाकण्याआधी लाल अक्षर लक्ष कसे वेधते ते पाहायला हवे. आपल्याला वाटते की लाल म्हणजे जास्त ठळक. प्रत्यक्षात उलटे आहे. पांढऱ्या कागदावर काळ्याइतका उठाव दुसऱ्या कुठल्याच रंगाला नाही. भडक लाल त्याहून बराच फिकट असतो, आणि डोळा तिकडे जातो तो केवळ छटा वेगळी असल्यामुळे. छटा काढून घेतली की उरतो उजेडाचा फरक, आणि त्या हिशेबात सर्वांत महत्त्वाची ओळ बाकीच्या मजकुरापेक्षा पुसट ठरते. म्हणजे जोर नुसता नाहीसा होत नाही, तो उलटा होतो.

हिशेब सोपा आहे. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या मिश्रणाने बनतो आणि प्रत्येकाचे प्रमाण 0 ते 255 या आकड्यात सांगतात. रंगीत चित्र करडे करताना या तिघांना सारखा मान मिळत नाही, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो आणि निळा सर्वांत अंधारा. रूढ सूत्रात लालाला सुमारे 30 टक्के, हिरव्याला 59 आणि निळ्याला 11 टक्के वजन आहे. भडक लालात हिरवा-निळा शून्य, म्हणून त्याचा करडा आकडा येतो 76. काळा 0, पांढरा 255. पिवळा म्हणजे पूर्ण लाल अधिक पूर्ण हिरवा, त्याचा आकडा 226. लाल काळ्याकडे सरकतो, पिवळा कागदाकडे.

यातली सर्वांत वाईट जोडी वेगळीच आहे. ‘वगळलेले शब्द लाल, घातलेले शब्द हिरवे’ अशी पद्धत अनेक कार्यालयांत आहे. संगणकावरच्या नेहमीच्या गडद हिरव्याचा, म्हणजे ज्याचे आकडे 0, 128, 0 आहेत त्याचा, करडा आकडा 75 येतो. लालाचा 76! काळ्या-पांढऱ्या प्रतीत काय ठेवायचे आणि काय काढायचे हे दोन्ही एकाच रंगाचे होते. खोडरेघ मारली नसेल तर मसुद्याचा अर्थच कळत नाही.

आता फलकावरच्या प्रतीकडे येऊ. साध्या लेसर प्रिंटरकडे करडी शाई नसते, फक्त काळी पूड असते. करडा रंग दाखवण्यासाठी तो काळे ठिपके जवळ-दूर किंवा लहान-मोठे टाकतो. मोठ्या चित्रात हे फसवणे जमते. पण मजकुराच्या अक्षराची रेघ एवढी बारीक असते की तिच्या जाडीत जेमतेम एखादा ठिपका मावतो. त्यामुळे लाल शब्द करडा न दिसता कडांना कुरतडल्यासारखा दिसतो, आणि सर्वांत आधी शिरोरेघ तुटक होते. फुटभरावरून पाहणाऱ्याला ते पूड संपत आल्याचे लक्षण वाटते. काही प्रिंटरांच्या सेटिंगमध्ये सगळी अक्षरे काळी छापण्याची सोय असते. ती चालू असेल तर तेवढाही फरक राहत नाही. झेरॉक्समध्ये उरलेसुरले मिटते. यंत्र ठरावीक मर्यादेपेक्षा गडद ते काळे आणि उजळ ते कोरे असे दोनच भाग करू लागले की 76 सरळ काळ्यात जातो आणि 226 कोऱ्या कागदात. पिवळी रक्कम मग साधी रक्कम असते.

डार्क मोडची गोष्ट आणखी बेभरवशाची, कारण तिथे काय होईल हे अ‍ॅपवर अवलंबून आहे. काही अ‍ॅप रंगांना हात लावत नाहीत. काही सगळेच उलटवतात, आणि भडक लाल उलटला की आकाशी होतो, पिवळा उलटला की निळा. मग वाचणारा लाल शोधत बसतो. सर्वांत त्रासदायक प्रकार मधला: कागद काळा होतो, साधी अक्षरे पांढरी होतात, पण पिवळा पट्टा पिवळाच राहतो. पांढरे अक्षर पिवळ्यावर. या दोन रंगांच्या उजेडाचे गुणोत्तर 1.07 आहे, आणि 1 म्हणजे काहीच फरक नाही. ज्या रकमेकडे लक्ष वेधायचे होते नेमकी तीच वाचता येत नाही.

गडद लाल वापरला तर? तो कागदावर काळ्याच्या आणखी जवळ जातो आणि काळ्या पडद्यावर बुडतो. फिकट लाल डार्क मोडला बरा, पण पांढऱ्यावर वाचवत नाही. सगळीकडे चालेल असा लाल शोधण्यात वेळ घालवू नये.

वेबपानांसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुलभता-निकषांत 2008 पासून 1.4.1 क्रमांकाचा नियम आहे: माहिती सांगण्याचे एकमेव साधन रंग असू नये. मुख्यतः रंगांधांचा विचार त्यामागे आहे, पण झेरॉक्सचे यंत्र पूर्ण रंगांधच असते. आपल्याकडे याचे उत्तर जुनेच आहे. कायद्याच्या छापील पुस्तकात दुरुस्त झालेला मजकूर चौकटी कंसात असतो, कंसाआधी बारीक आकडा असतो आणि पानाच्या तळाशी कोणत्या दुरुस्तीने तो आला ते लिहिलेले असते. या खुणेला रंगाची गरजच नाही.

सोसायटीची नोटीस त्याच धर्तीवर अशी होईल. ‘नियम 4. प्रत्येक सदनिकेस एक चारचाकी लावता येईल. [नवीन: दुसऱ्या चारचाकीसाठी दरमहा 500 रुपये शुल्क आकारले जाईल.]’ आणि वरची सूचना: ‘नियम 4 चे शेवटचे वाक्य नवे आहे, ते चौकटी कंसात दिले आहे. त्यातील 500 रुपये या रकमेवर हरकत असल्यास लेखी कळवावे.’ लाल रंग वर चढवायचा तर खुशाल चढवा. तो गेला तरी बिघडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर चिकटवताना रंग गळतोच, कंस मात्र टिकतात.

ठळक टाइप चालतो, पण देवनागरीत बारीक आकारात ठळक केलेली जोडाक्षरे झेरॉक्समध्ये भरून येतात. अधोरेखन उकारांना आणि पायमोड्या अक्षरांना कापते. तिरपा टाइप देवनागरीत फारसा उठत नाही. म्हणून मराठी मजकुराला माझी पहिली पसंती कंसाला आणि शब्दाला, मग ठळकपणाला.

तपासायला दोन मिनिटे पुरतात. छापण्याच्या खिडकीत Grayscale निवडून एक पान काढा आणि तीच फाइल फोनवर डार्क मोडमध्ये उघडा. मग नोटीस न पाहिलेल्या कुणाला तरी विचारा की यात नवे काय आहे. त्याने बरोबर वाक्यावर बोट ठेवले तरच प्रती काढायला द्या.