चालणे चांगले, पण मांड्यांना ओझेही हवे

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. वय बासष्ट. "डॉक्टर, रोज चार किलोमीटर चालतो, वजनही दहा वर्षांत वाढलं नाही. पण पंगतीतून उठताना शेजाऱ्याचा खांदा धरावा लागतो."

मी त्यांना हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसायला सांगितले. एकोणीस सेकंद लागले. पंधरापेक्षा जास्त लागले, तर पायांची ताकद कमी झाली असे समजावे. साखर, थायरॉईड ठीक होते. वजन तेवढेच, पण मांड्या बारीक आणि पोट पुढे; म्हणजे स्नायू घटून तिथे चरबी आली होती.

असे का होते? आपल्या स्नायूंत दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू चालण्यासारख्या हलक्या कामाला पुरतात. जलद तंतू जोर लावताना, जिना चढताना, ठेच लागली की तोल सावरताना कामी येतात. वय वाढते तशा मणक्यातील मज्जारज्जूमधल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या काही चेतापेशी मरतात. त्यांच्या ताब्यातले तंतू पोरके होतात. काहींना शेजारची चेतापेशी सांभाळते, बाकीचे सुकतात. यात जलद तंतूंचे नुकसान अधिक होते. ओझे जड असल्याशिवाय शरीर त्यांना कामाला लावत नाही, म्हणूनच गुरुजींचे चालणे हृदयाला उपयोगी पडले, मांड्यांना पुरले नाही.

मी त्यांना एकच व्यायाम दिला. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठायचे आणि तीन आकडे मोजत सावकाश बसायचे. असे आठ वेळा. दोन मिनिटे विश्रांती. अशा तीन फेऱ्या, एक दिवसाआड. शेवटच्या दोन वेळा कष्ट पडलेच पाहिजेत. बारा वेळा सहज जमू लागले, की दोन किलो तांदळाची पिशवी छातीशी धरायची. इथेच बहुतेकांचे चुकते. ओझे वाढवत नाहीत आणि प्रगती थांबते. उठताना श्वास रोखू नये, रक्तदाब चढतो. जेवणात दोन्ही वेळा घट्ट वरण, उसळ, दही किंवा अंडे हवे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र आधी विचारावे.

तीन महिन्यांनी त्यांना बारा सेकंद लागले. वय आड येत नाही. 1990 साली अमेरिकेत बॉस्टन येथे नव्वदीच्या वृद्धांना आठ आठवडे वजने उचलायला लावली, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली.

छातीत दुखणे, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हर्निया किंवा सुजलेला गुडघा असेल, तर आधी तपासून घ्यावे. आणि स्नायू काही आठवड्यांतच झपाट्याने किंवा एकाच पायाचे घटले, तर वयाला दोष देऊ नये. कारण वेगळे असते, ते शोधावे लागते.