मिरी, लव्हाळा आणि माझं नाक

सांगवी, ता. बारामती

आदरणीय सर,


वाइन चाखण्याच्या परीक्षेचा निकाल तुमच्या कानावर आलाच असेल. डोळस अंदाजाची सगळी सवय एका ग्लासात बुडाली. तिसरा ग्लास: गडद जांभळा, आंबटपणा चढा, तुरटपणा मध्यम, वास काळ्या फळांचा. मी ‘माल्बेक, अर्जेंटिना’ लिहून मोकळी झाले. निघाली फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातली शिराझ. बाहेर आल्यावर शेजारची मुलगी म्हणाली, “अगं, मिरी नाकात घुसत होती की!” मला मिरीचा मागमूसही लागला नव्हता.

तुम्ही फोनवर म्हणालात, “आधी नाक तपास, मग रड.” म्हणून ती लहानशी कुपी पाठवलीत. तिचा हिशेब देते.

शिराझमधला मिरीचा वास येतो रोटंडोन नावाच्या एकाच रेणूमुळे. तोच काळ्या मिरीतही असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 साली त्याची ओळख पटवली. रेड वाइनमध्ये लिटरला 16 नॅनोग्रॅम असला तरी बहुतेकांना वास लागतो. म्हणजे वीस-वीस लाख लिटरची तीस शेततळी वाइनने भरली, तर सगळ्यांत मिळून एक ग्रॅम पुरे! पण त्याच अभ्यासात साधारण पाचातल्या एकाला हा वास आलाच नाही, पाण्यात लिटरला 4000 नॅनोग्रॅम घालूनही. तो एक मी आहे का, एवढंच बघायचं होतं.

चाचणी अशी: तीन ग्लास घ्यायचे, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. घरात वाइन नको म्हणून सगळं पाण्यातच केलं. कुपीतला रोटंडोनचा द्राव कधी एका ग्लासात, कधी दोन ग्लासांत. सहा मांडण्या होतात, प्रत्येक दोनदा, म्हणून बारा फेऱ्या. भाऊ पाठमोरा बसून ग्लास मांडायचा आणि चिठ्ठीवर उत्तर लिहून ठेवायचा. नाक थकतं, म्हणून दिवसाला चारच फेऱ्या, मध्ये दहा मिनिटं ओसरीवर. नुसत्या अंदाजानेही बारात चार बरोबर येतात. नाकाचं काम म्हणायला किमान आठ हवेत.

माझे आले पाच.

वहिनीला सहज बसवलं. तिने आयुष्यात वाइनचा ग्लास हातात धरलेला नाही. बारात अकरा! पहिल्याच फेरीला म्हणाली, “हा मसाल्याच्या डब्यासारखा.” तात्या म्हणाले, “परीक्षेला हिलाच पाठवायला हवं होतं.”

आता खरी लाज वाटते ती जुन्या वहीची. दोन वर्षं मी प्रत्येक शिराझपुढे ‘मिरी’ लिहिलंय. लेबल दिसत असायचं ना! बोर्दोमध्ये 2001 साली छापून आलेल्या प्रयोगात व्हाइट वाइनला लाल रंग दिला, तर वाइनचेच विद्यार्थी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत करू लागले. त्यांना रंगाने फसवलं, मला कागदाने. शिवाय स्वयंपाकघरातली मिरी मला येते, म्हणून शंकाही आली नाही. तिच्यात पायनीन, लिमोनीन असे इतर वासही असतात, आणि तिखटपणा पायपरीनचा, तो जिभेवरचा. माझ्यासाठी त्यातला एक धागा गायब, बाकी मिरी शाबूत.

उशिरा कळण्याचं अजून एक कारण आपलं रान. रोटंडोन द्राक्षाच्या सालीत, फळ रंग धरल्यानंतर साठतो, आणि घडाचं तापमान पंचविसाच्या वर जास्त वेळ राहिलं की तो कमी साठतो. आपल्याकडे ऑक्टोबरला गोडी छाटणी, फेब्रुवारी-मार्चला काढणी. त्या दिवसांत इथे दुपारचा पारा तिशीपार असतो. इथल्या शिराझवर मी शिकले, तिथे मिरी मुळातच दबलेली असणार. मला ती येत नाही हे कळायला वावच नव्हता.

त्यामुळे पुढच्या खेपेला ‘मिरी’ हा शब्द मी वहीतून काढून टाकतेय. गडद रंग, चढा आंबटपणा, काळं ऑलिव्ह, धुरावलेलं मांस: या खुणा मला येतात. त्या एकत्र दिसल्या की माल्बेक लिहिण्याआधी थांबायचं. हे फळेल याची खात्री नाही. वास दबलेल्या ग्लासात या खुणाही दबलेल्याच असतात. तुमच्या कपाटातल्या थंड प्रदेशातल्या चार शिराझ आणि दोन माल्बेक लेबल झाकून मांडाल का? महिन्याभरात येते.

आणि एक. रोटंडोन हे नाव आलंय सायपरस रोटंडसवरून, म्हणजे आपल्या उसातला लव्हाळा! त्याच्या गाठीत हा रेणू आधी सापडला होता. काल खुरपणीला गेले तेव्हा एक गाठ ठेचून हुंगली. मला ओल्या मातीसारखं, थोडं कापरासारखं वाटलं. वहिनीने तीच गाठ नाकाशी धरली आणि हसत माझ्याकडे बघत राहिली.

तुमची विद्यार्थिनी