आईचे कार्ड, मुलाचे सबस्क्रिप्शन

पंधरा वर्षांच्या मुलाने आईच्या डेबिट कार्डाचा नंबर गेमच्या ॲपमध्ये भरला, तिच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला आणि दरमहा 499 रुपयांचे सबस्क्रिप्शन सुरू झाले. दुसऱ्या महिन्यात पैसे वजा झाल्याचा मेसेज आला, तेव्हा आईला ते कळले. असे उदाहरण घेतले, तर ‘संमती कोणाची?’ या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे मिळतात.

भारतीय करार कायदा, 1872 नुसार करार करणारी व्यक्ती सज्ञान, म्हणजे सर्वसाधारणपणे 18 वर्षे पूर्ण झालेली असावी लागते. अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच निरर्थक असतो, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने 1903 मध्ये मोहोरी बीबी खटल्यात दिला. त्यामुळे मुलाने केलेला करार त्याच्यावर बंधनकारक नाही. बँक मात्र ओटीपी पाहते. ओटीपी बरोबर असेल, तर तिच्या लेखी व्यवहार कार्डधारकानेच केलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात अनधिकृत व्यवहारांपासून ग्राहकाला संरक्षण आहे. पण गोपनीय तपशील ग्राहकाच्याच हलगर्जीपणामुळे दुसऱ्याच्या हाती गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाला सोसावे लागते. घरातल्या मुलाने ओटीपी वाचला, तर बँक बहुधा याच मुद्द्यावर बोट ठेवते.

म्हणून पैसे परत मागण्याची सुरुवात विक्रेत्याकडून करावी. खरेदी गूगल प्लेवरून झाली असेल, तर 48 तासांच्या आत तेथेच रिफंडची विनंती करता येते; त्यानंतर ॲप बनवणाऱ्या कंपनीला लिहावे लागते. ॲपलच्या ग्राहकांसाठी reportaproblem.apple.com हे पान आहे. विनंतीत मुलाचे वय, खरेदीची तारीख, रक्कम, ऑर्डर क्रमांक आणि पालकांची परवानगी नव्हती ही बाब स्पष्ट लिहावी. वरच्या उदाहरणात दुसरा हप्ता मुदतीत बसतो. पहिल्यासाठी कंपनीकडेच दाद मागावी लागेल.

ॲप काढून टाकल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही. ते स्टोअरच्या खात्यातून रद्द करावे आणि बँकेच्या ॲपमध्ये ई-मँडेट, म्हणजे दरमहा आपोआप पैसे कापण्याची परवानगी, मागे घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांनुसार कार्डातून असा हप्ता जाण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना यायला हवी, आणि ती पाहून हप्ता थांबवता येतो. उदाहरणातील आईने ती सूचना वाचली असती, तर दुसरा हप्ता गेलाच नसता.

कंपनीने नकार दिला, तर बँकेकडे लेखी तक्रार करून चार्जबॅक, म्हणजे कार्डावरील रक्कम विक्रेत्याकडून परत मिळवण्याची प्रक्रिया, मागता येते. विनंतीची प्रत आणि आलेले उत्तर सोबत जोडावे. मात्र तक्रारीत ‘कार्ड चोरीला गेले’ असे खोटे लिहू नये. ओटीपीची नोंद बँकेकडे असतेच, आणि विसंगती दिसली की तक्रार तिथेच कोसळते.